भिंत किती चुना पिते?

दसरा झाला की गावोगावच्या रंगाच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "दहा-बाराची खोली आहे, किती लागेल?" दुकानदार क्षणभर विचार करतो आणि एक आकडा सांगतो. त्या आकड्यामागे अनुभव असतो, पण तो इतरांच्या भिंतींचा. तुमची भिंत त्याने पाहिलेली नसते. ती चिऱ्याची आहे की विटांची, तिचा गिलावा जुना आहे की नवा, पावसाळ्यात ती किती भिजली, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. मग शेवटच्या भिंतीपाशी चुना संपत येतो आणि पाणी वाढवून वेळ मारून नेली जाते. किंवा उलट होते: अर्धी बादली डिस्टेंपर उरते, माळ्यावर चढते आणि पुढे उघडून पाहावे तर घट्ट गोळा निघतो.

खरे तर हा हिशेब तीन आकड्यांचा आहे. भिंत किती, हात किती द्यायचे आणि एका किलोत एका हाताने किती भिंत होते. पहिल्या दोघांचा गुणाकार करायचा आणि तिसऱ्याने भागायचे:

लागणारे किलो = (भिंतीचे क्षेत्रफळ × हात) ÷ एका किलोत एका हाताने होणारी भिंत

पहिला आकडा टेपने मिळतो, दुसरा आपण ठरवतो. फसवतो तो तिसरा. तो डब्यावर छापलेला असतो, कारागिरांच्या तोंडी असतो, अंदाजपत्रकाच्या पुस्तकांतही असतो. पण त्यांतला कोणताही तुमच्या भिंतीचा नसतो. तो भिंतीकडूनच काढून घ्यावा लागतो आणि त्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही. एक खोली घेऊन हे सगळे पायरीपायरीने करून पाहू.

आधी भिंत मोजू

समजा, जुन्या घरातली खोली आहे. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, भिंतीची उंची ९ फूट. वर लाकडी पाटई असल्यामुळे छताला चुना द्यायचा नाही. चारही भिंतींची एकत्र लांबी ४४ फूट आणि उंची ९, म्हणजे ३९६ चौरस फूट.

आता दारे-खिडक्या वजा करायच्या. एक दार ३ बाय ७ फुटांचे, म्हणजे २१ चौरस फूट. दोन खिडक्या ४ बाय साडेतीन फुटांच्या, प्रत्येकी १४, म्हणजे २८. एकूण ४९ चौरस फूट गेले आणि उरले ३४७.

बहुतेक लोक इथे थांबतात, आणि जुन्या घरात हीच चूक होते. जुन्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. चौकट बाहेरच्या अंगाला बसवलेली असली, तर आतल्या बाजूला दाराखिडकीच्या कडेने फूटभर रुंदीची पट्टी उरते. तिलाही चुना लागतो. दाराच्या दोन बाजू आणि वरची कड मिळून १७ फूट लांबीची, फूटभर रुंद पट्टी म्हणजे १७ चौरस फूट. खिडकीच्या चारही कडा मिळून १५ फूट, दोन खिडक्यांचे ३० चौरस फूट. हे सारे मिळून ४७ होतात. वजा केले ४९ आणि परत आले ४७!

त्यात दोन कोनाडे आहेत, दीड फूट रुंद, दोन फूट उंच आणि पाऊण फूट खोल. कोनाड्याची पाठ भिंतीच्या क्षेत्रफळात आधीच धरलेली आहे; वाढतात त्या त्याच्या चार आतल्या बाजू, एका कोनाड्यामागे सव्वापाच चौरस फूट. दोघांचे साडेदहा. आता बेरीज झाली ४०४ आणि थोडी वर. आपण ४०५ धरू. म्हणजे जाड भिंतीच्या घरात दारे-खिडक्या वजा न करता सरळ लांबी गुणिले उंची केली, तरी फारशी चूक होत नाही. नव्या सहा किंवा नऊ इंची भिंतींच्या घरात मात्र वजाबाकी करायलाच हवी, कारण तिथे कडा नावालाच असतात.

सरकारी कामाच्या मोजमापातही असाच व्यवहार पाळतात. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतचे झरोके वजाच करत नाहीत. मोजण्याचे श्रम आणि कडांचा चुना, दोन्हींचा हिशेब त्यात बसतो.

आपल्याकडे अशा कामाला १०० चौरस फुटांचा एक ब्रास धरतात. तेव्हा आपली खोली झाली साधारण चार ब्रासची.

एक हात म्हणजे काय?

"दोन हात मारून द्या" असे आपण सहज म्हणतो. पण चुन्याचा एक हात म्हणजे कुंच्याचा एक फटकारा नव्हे. रीतीने काम करणारा आधी वरून खाली ओढतो, ते ओले असतानाच खालून वर, मग उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे. या चार ओढींचा मिळून एक हात. तो पुरता वाळल्यावरच दुसरा. नव्या गिलाव्याला असे तीन हात तरी लागतात. आधी चुना दिलेल्या आणि धड असलेल्या भिंतीला एक-दोन हात पुरतात. आपल्या खोलीत पोपडे खरवडून काढले आहेत आणि मधूनमधून गिलावा दुरुस्त केला आहे, म्हणून तीन हात धरू.

४०५ गुणिले ३ म्हणजे १२१५. एवढे चौरस फूट आपल्याला एकेका हाताने सारवायचे आहेत.

इथे चुन्याचा एक स्वभाव ध्यानात ठेवायला हवा, कारण हिशेब बिघडतो तो त्याच्यामुळे. ओला चुना भिंतीवर जवळपास पारदर्शक दिसतो. खालचे डाग तसेच दिसत राहतात. तो वाळतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पुन्हा चुनखडी होते, तसतसा पांढरा होत जातो. हे ठाऊक नसलेला माणूस पहिला हात पाहून घाबरतो, "काहीच दिसत नाही" म्हणतो आणि चुना घट्ट करतो. जाड थर वाळताना तडकतो आणि चार-सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात. म्हणजे चुना जास्त गेला आणि काम कमी टिकले. तीन पातळ हातांचे काम एका जाड हातात उरकता येत नाही. सूत्रात हातांचा आकडा वेगळा मांडायचा तो यासाठीच.

किलोला किती भिंत?

अंदाजपत्रक करताना चालत आलेला ठोकताळा असा: १०० चौरस मीटर भिंतीला एका हाताला १० किलो चुना. चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट, तेव्हा फुटांत सांगायचे तर ब्रासमागे एका हाताला एक किलो. तोंडी हिशेबाला हे फार सोपे पडते. चार ब्रास, तीन हात, म्हणजे १२ किलो. मनात मोठी रक्कम धरण्यापुरता हा आकडा ठीक आहे. पण तो सढळ हाताचा आहे. चुन्यातले खडे, गाळ, जमिनीवर पडणारे शिंतोडे हे सारे त्यात पोटात घेतलेले आहे.

आपल्या भिंतीचा आकडा काढायचा तर आधी दोनच किलो चुनकळी आणा. त्यातली एक किलो विरवायची. पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात आधी ५ लिटर पाणी घ्या आणि कळीचे खडे त्यात थोडे थोडे सोडा. खड्यांवर पाणी ओतायचे नाही, पाण्यात खडे सोडायचे. पाणी उकळू लागते, खडे फुटतात, शिंतोडे उडतात. प्लास्टिकची बादली इथे चालत नाही, मुलांना लांब ठेवायचे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर बराच वेळ भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठायचा.

याच वेळी चुन्याची परीक्षाही होते. ताजी कळी काही मिनिटांत तापते आणि भुसभुशीत होते. दुकानात उघडी पडून राहिलेली कळी हवेतला ओलावा पिऊन आधीच मेलेली असते. ती पाण्यात निवांत पडून राहते, जेमतेम कोमट होते. असा चुना कितीही किलो आणला तरी भिंतीला धरत नाही, तेव्हा हिशेब मांडण्याआधी दुकान बदलावे.

विरलेला चुना ढवळून २४ तास तसाच ठेवायचा, मग जाड्याभरड्या सुती फडक्यातून गाळायचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची रीत अशी, की गाळलेल्या दाट चुन्यात दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. म्हणजे किलोभर कळीला २० ग्रॅम. नीळ घालायची तर किलोला ३ ग्रॅमपर्यंत. त्यानंतर किलोमागे आणखी ५ लिटर पाणी घालून दुधासारखा पातळ चुना करायचा. अशा रीतीने एका किलो कळीचा साधारण १० लिटर चुना तयार होतो.

आता मोजणी. खोलीतली सर्वांत खराब भिंत निवडा. पावसाच्या अंगाची किंवा नव्या गिलाव्याची. चांगल्या भिंतीवर काढलेला आकडा आपल्याला खोटा धीर देतो. भिंतीवर खडूने तीन फूट रुंदीचा उभा पट्टा आखा आणि पाणी मारून तो ओलसर करा. कोरडी भिंत चुन्यातले पाणी ओढून घेते आणि चुना नुसता पिठासारखा वर राहतो. कुंचा आधी बादलीतल्या चुन्यात बुडवून, निथळून घ्या, नाहीतर पहिला पाव लिटर कुंचाच पिऊन टाकतो. मग मापाने अगदी एक लिटर चुना वेगळा काढा आणि पट्ट्यावर वरून सुरू करून, चारही ओढी देत खाली या. लिटर संपला की तिथे खूण करा.

समजा, लिटरभरात तीन फूट रुंदीचा पट्टा ४ फूट ८ इंच उतरला. ३ गुणिले ४ फूट ८ इंच म्हणजे १४ चौरस फूट. लिटरला १४, तर १० लिटरला, म्हणजे किलोला १४० चौरस फूट. हा तुमच्या भिंतीचा तिसरा आकडा.

१२१५ भागिले १४० म्हणजे ८.७ किलो, ९ धरा. ठोकताळ्याचे १२ आणि भिंतीने सांगितलेले ९. हा ९ चा आकडा तिन्ही हातांना पहिल्या हाताचीच तहान धरून काढला आहे. प्रत्यक्षात दुसरा-तिसरा हात कमी पितो, आणि त्या बचतीत गाळ व शिंतोडे भागतात. म्हणून यावर आणखी दहा-वीस टक्के चढवायची गरज नाही. दोन किलो आधी आणलेच आहेत, सात आणखी आणायचे. त्याला १८० ग्रॅम डिंक आणि जास्तीत जास्त २७ ग्रॅम नीळ.

भिंत उघड्या चिऱ्याची असेल, तर लिटरभराचा पट्टा फारच आखूड भरेल. चिऱ्याची छिद्रे चुना आत ओढून घेतात आणि त्याच्या खडबडीत पाठीचे खरे क्षेत्रफळ टेपवरच्या आकड्यापेक्षा जास्त असते. कोकणात आणि गोव्यात दुसऱ्याच्या घराचा आकडा ऐकून चुना आणू नये तो यामुळेच. टेप जे दाखवत नाही ते पट्टा दाखवतो.

कळी की भुकटी?

आता पुष्कळ दुकानांत कळी मिळतच नाही. मिळते ती पिशवीतली पांढरी भुकटी. ती आधीच विरवलेली असते, म्हणजे तिच्यात पाणी रासायनिक रीतीने बसलेले असते आणि त्या पाण्याचे वजनही आपण विकत घेतो. एक किलो शुद्ध कळी विरल्यावर तिची कोरडी भुकटी १.३२ किलो भरते. तेव्हा कळीचा हिशेब भुकटीला लावायचा तर १.३२ ने गुणायचे. आपल्या ९ किलो कळीच्या जागी १२ किलो भुकटी. हा गुणाकार विसरला, की चुना पातळ होतो, आणि "हल्लीच्या चुन्यात दम नाही" म्हणून दोष मात्र चुन्याला मिळतो.

कळी उरली तर तशीच ठेवू नका, विरवून टाका. विरवलेल्या चुन्यावर चार बोटे पाणी ठेवून डबा झाकून ठेवला, तर तो पुढच्या वर्षीही कामाला येतो. हवा लागली नाही की चुना बिघडत नाही.

डिस्टेंपरचा हिशेब

सूत्र तेच, पण फसण्याची जागा वेगळी. चुन्याची व्याप्ती कुठे लिहिलेली नसते. डिस्टेंपरची डब्यावर ठळक छापलेली असते, आणि ती घाईत वाचली जाते.

समजा, त्याच घराला जोडून नवी खोली बांधली आहे. १२ बाय १०, उंची १० फूट, वर स्लॅब. भिंती ४४ गुणिले १०, म्हणजे ४४०. एक दार आणि दोन खिडक्यांचे ४९ वजा जाता ३९१. स्लॅबचे १२० मिळवले की ५११ चौरस फूट. पुट्टी आणि प्रायमर झाले आहे, डिस्टेंपरचे दोन हात द्यायचे आहेत.

एका डब्यावर असे लिहिले आहे, की एका किलोत १२० चौरस फूट. दुसऱ्यावर आहे, एका किलोत ६० चौरस फूट. पहिला डबा दुप्पट पुरेल असे वाटते. पण बारीक अक्षरे वाचली तर पहिल्यावर "एक हात" आणि दुसऱ्यावर "दोन हात" असे असते. हिशेब करून पाहा. पहिल्याचा: ५११ गुणिले २ भागिले १२०, साडेआठ किलो. दुसऱ्याचा: ५११ भागिले ६०, तेही साडेआठ किलो. दोघे एकच सांगत आहेत. दुसऱ्या डब्यावरचा आकडा घेऊन जो पुन्हा दोनाने गुणतो, तो १७ किलो घरी नेतो. पहिल्या डब्यावरचा आकडा घेऊन जो गुणायचे विसरतो, तो सव्वाचार किलो नेतो आणि दुसऱ्या हाताला परत दुकानात येतो. आकडा चौरस मीटरमध्ये असेल, तर त्याला १०.७६ ने गुणून फूट करून घ्या, मगच पुढे जा.

डब्यावर "६० ते ७०" अशी मर्यादा दिलेली असते. त्यातला लहान आकडा धरावा. मोठा आकडा गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीचा आणि सरावलेल्या हाताचा असतो. प्रायमर न देता थेट गिलाव्यावर डिस्टेंपर दिले, तर दोन्ही आकडे सोडून द्या. पहिल्या हातातले बरेचसे भिंत पिऊन टाकते आणि रंग ठिगळाठिगळांनी उठतो. इथेही वरचीच रीत लावता येते: लहान डबा आणून, सांगितले तेवढेच पाणी घालून, मोजलेल्या पट्ट्यावर एक हात देऊन पाहायचा.

साडेआठ किलोला १० किलोची बादली घेणे बरे. रंगीत डिस्टेंपर असेल तर सुटे डबे जोडून साडेआठ पुरे करण्यापेक्षा एकच बादली केव्हाही चांगली. वेगवेगळ्या खेपेच्या डब्यांतली छटा किंचित वेगळी असते आणि ती भिंतीच्या मध्यावर दिसून येते. सुटे डबे घ्यावेच लागले, तर डब्यावरचा बॅच क्रमांक एकच पाहून घ्या, किंवा सगळे एका पिंपात एकत्र करा.

पाणी वाढवले की काय होते?

सामान कमी पडू लागले की पहिला उपाय सुचतो तो पाण्याचा. चुन्यात असो वा डिस्टेंपरमध्ये, पाणी वाढले की भिंतीला धरून ठेवणारा भाग विरळ होतो. वाळल्यावर भिंतीवर तळहात फिरवा. हाताला पीठ लागले, तर पाणी जास्त झाले, डिंक कमी पडला किंवा भिंत कोरडी असताना चुना दिला, यांतले काहीतरी झाले आहे. असा थर पुढच्या रंगालाही धरू देत नाही, तो खरवडावाच लागतो.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही किलोने भरून निघत नाहीत. एक म्हणजे जुन्या चुन्यावर दिलेले डिस्टेंपर. खालचा चुना भुसभुशीत असतो, वरचा थर त्याला घेऊन पापुद्र्याने सुटतो. म्हणून चुन्याच्या भिंतीला डिस्टेंपर द्यायचे ठरवले, तर जुना चुना मुळापासून काढायला हवा, आणि भिंतीचा आकडाही नव्याने घ्यायला हवा, कारण आता पिणारी भिंत वेगळी असते. दुसरी म्हणजे ओल. नवा गिलावा दोन महिने तरी वाळू द्यावा, मग डिस्टेंपर. पावसाळा नुकताच संपलेला असताना भिंतीवर खार फुटलेला दिसत असेल, तर आधी पाणी कुठून येते ते शोधावे. ओल्या भिंतीवर हिशेब बरोबर येतो, रंग मात्र टिकत नाही.

काम संपल्यावर एक नोंद जरूर करून ठेवा: तारीख, खोलीचे चौरस फूट, किती हात, किती किलो खरोखर संपले. चौरस फुटांना हातांनी गुणा आणि संपलेल्या किलोंनी भागा. आपल्या खोलीत ९ पैकी ८ किलो कळी संपली असेल, तर १२१५ भागिले ८, म्हणजे किलोला १५२ चौरस फूट. लिटरभर चुन्याच्या पट्ट्यापेक्षाही हा आकडा पक्का, कारण त्यात चारही भिंती, तिन्ही हात, गाळ आणि शिंतोडे सगळे धरलेले आहेत. पुढच्या वेळी पट्टा आखायची गरज नाही. खोलीचे माप तेच, हात ठरवायचे आणि १५२ ने भागून तेवढे किलो मागायचे.